मोहोरावरचं बुकिंग

जानेवारीत आमच्या शेतकरी गटाचं हापूसचं बुकिंग सुरू होतं, तेव्हा विकायला आमच्याकडे एकही आंबा नसतो. काही झाडं मोहोराने भरलेली असतात, काहींवर वाटाण्याएवढी कैरी धरलेली असते आणि काहींनी मोहोराऐवजी नुसती तांबूस पालवी काढून आमची थट्टा केलेली असते. अशा वेळी पुण्या-मुंबईचं गिऱ्हाईक फोनवर विचारतं, "दादा, अक्षय्य तृतीयेला पाच डझन नक्की ना?" या प्रश्नाला नुसतं "हो" म्हणणं सोपं आहे. बाजारात पुष्कळजण तेच म्हणतात. आम्ही त्याऐवजी एक पत्रक पाठवतो. त्यात कोणती गोष्ट आमच्या हातात आहे आणि कोणती नाही, हे लिहिलेलं असतं. ते वाचून दहातली दोन-तीन गिऱ्हाइकं गळतात. गळू देत. उरतात त्यांच्याशी मे महिन्यात भांडण होत नाही.

या पत्रकामागचा हिशोब नीट कळला, तर आमच्याकडूनच काय, कुणाकडूनही आगाऊ पैसे भरून आंबा घेताना काय विचारायचं ते समजेल.

आधी प्रतवारी. हापूसची प्रत म्हणजे मुख्यतः वजन. गटाच्या शेडमध्ये आंबा काट्यावरून जातो आणि त्याच्या राशी पडतात: १७५ ते २०० ग्रॅम, २०० ते २२५, २२५ ते २५०, २५० ते ३०० आणि त्यापुढचा मोठा. शहरात मात्र आंबा डझनावर विकला जातो आणि घोळ तिथेच होतो. "देवगड हापूस, डझन इतके रुपये" एवढंच लिहिलेलं असेल, तर त्या डझनात २१० ग्रॅमची फळं आहेत की २८० ग्रॅमची, हे कळायला मार्ग नाही. २१० ग्रॅमच्या डझनाचं वजन अडीच किलोच्या आसपास भरतं आणि २८० ग्रॅमच्या डझनाचं तीन किलो ३६० ग्रॅम. समजा पहिला डझन ८०० रुपयांना आहे आणि दुसरा १२०० ला. किलोवर आणलं तर पहिला सुमारे ३१७ रुपये पडतो आणि दुसरा ३५७. म्हणजे मोठ्या आंब्याला वजनाचे पैसे पडतातच, वर मोठेपणाचेही पडतात. पाहुण्यांपुढे ठेवायला किंवा कुणाला भेट द्यायला तो घ्यावा. आमरसाला मधल्या वजनाचा आंबा घेतलात, तर वाटीतल्या रसाला फरक कळत नाही.

वजनाबद्दल आणखी एक ओळ आम्ही मुद्दाम ठळक छापतो: "वजन काढणीच्या दिवशीचं, कच्च्या फळाचं." झाडावरून उतरलेला आंबा पिकताना पाणी गमावतो. पूर्ण पिकेपर्यंत दहा टक्क्यांच्या आसपास वजन उतरतं, हवा कोरडी आणि गरम असली तर थोडं जास्तच. आमच्याकडे २५० भरलेला आंबा तुमच्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर २२५ दाखवतो. ही ओळ छापण्याआधी दर मोसमात काट्यावर ठेवलेल्या आंब्यांचे फोटो यायचे, आता क्वचित येतात.

वजनानंतर साल. डाग नसलेला आंबा पहिल्या प्रतीत जातो. फुलकिड्यांनी कोवळेपणी साल खरवडली की ती तपकिरी, खरखरीत होते. देठ तुटून चीक ओघळला तर काळपट ओघळ उमटतो. पश्चिमेच्या उन्हात राहिलेल्या फळाची एक बाजू भाजल्यासारखी पिवळट होते. यातले पहिले दोन डाग सालीवरच थांबतात, आतल्या गराला काही होत नाही. असा डागी आंबा आम्ही वेगळा ठेवतो आणि तो कमी दराने, डागी म्हणून सांगूनच देतो. उन्हाने भाजलेला मात्र देत नाही, कारण त्या बाजूचा गर नीट पिकत नाही. डागी पेटी मागणारी गिऱ्हाइकं हल्ली वाढली आहेत, आणि माझ्या मते ती सगळ्यात शहाणी.

आता प्रतवारीत न मावणारी गोष्ट: साका. आंबा बाहेरून देखणा, वासाला उत्तम, आणि कापला की बाठ्याजवळ पांढरट, स्पंजासारखा, आंबूस गर. हापूसचं हे जुनं दुखणं आहे. मोठ्या फळांत आणि झाडावर जास्त दिवस राहिलेल्या फळांत ते अधिक दिसतं. जमिनीतून वर येणारी उष्णता हे त्याचं एक कारण मानलं जातं. म्हणून आम्ही झाडाखाली पालापाचोळ्याचं आच्छादन करतो आणि आंबा चौदा आणे तयार असतानाच उतरवतो. त्याने साका कमी होतो, पण संपत नाही. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रात नीलम आणि हापूस यांच्या संकरातून 'रत्ना' ही साका न होणारी जात १९८१ मध्ये आली. ती चांगली आहे, पण गिऱ्हाइकाला हापूसच हवा असतो. आणि हापूसमधला साका शेडमध्ये उभं राहून, हातात फळ धरून कुणालाही सांगता येत नाही. "आमच्या आंब्यात साका निघणारच नाही" असं जो लिहितो, त्याच्याकडे आंब्याच्या आत बघण्याचं काही यंत्र आहे का, ते त्याला विचारावं.

आम्ही पत्रकात लिहितो ते असं: कापलेल्या फळाचा फोटो पेटी मिळाल्यापासून पंधरा दिवसांत पाठवा, त्या फळाचे पैसे परत मिळतील. कारण विचारणार नाही, फळ परत मागणार नाही. पंधरा दिवस अशासाठी, की आंबा पिकायलाच आठवडा जातो. "माल मिळाल्यावर २४ तासांत तक्रार करा" ही अट कच्च्या आंब्याला लावणं म्हणजे तक्रार करूच नका असं सांगणं. बुकिंग करताना ही अट दिसली, तर पुढचं वाचायची तसदी घेऊ नका.

दुसरा भाग वेळेचा. सगळ्यात जास्त गैरसमज याबद्दल आहेत.

मोहोर आल्यापासून आंबा उतरवेपर्यंत साधारण साडेतीन ते चार महिने लागतात. डिसेंबरच्या मध्यावर मोहोरलेलं झाड एप्रिलच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात काढणीला येतं, जानेवारीच्या अखेरीस मोहोरलेलं मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात. एकाच बागेत, कधी एकाच झाडावर, मोहोराचे दोन-तीन टप्पे असतात. त्यामुळे जानेवारीत झाडाकडे बघून पंधरवडा सांगता येतो, तारीख सांगता येत नाही. आणि पंधरवडाही चुकू शकतो. जानेवारी-फेब्रुवारीत थंडी पुन्हा वाढली, तर आधीची वाटाण्या-सुपारीएवढी कैरी धरलेल्या त्याच फांदीवर नवा मोहोर फुटतो. याला पुनर्मोहोर म्हणतात. झाडाचं सगळं अन्न नव्या तुऱ्याकडे वळतं आणि आधीची कैरी पिवळी पडून गळते. पहाटे बागेत गेलं की जमिनीवर हिरव्या-पिवळ्या मण्यांचा सडा दिसतो आणि तिथेच समजतं, की एप्रिलचा आंबा आता मेमध्ये गेला.

मोहोर बघून एकूण पीक किती येईल याचाही अंदाज बांधता येत नाही. हापूसच्या एका तुऱ्यात हजारावर फुलं असतात, त्यातली बरीचशी नर. शेवटी त्या तुऱ्यावर एखादं फळ टिकलं तरी बाग भरली असं आम्ही म्हणतो. मध्ये तुडतुडे आहेत, भुरी आहे, अवकाळी पाऊस आहे. म्हणून गेल्या काही वर्षांच्या सरासरीच्या निम्म्याहून कमी आंब्याचंच बुकिंग आम्ही जानेवारीत घेतो. मार्चमध्ये कैरी अंड्याएवढी झाली, की ती गळण्याची भीती बरीच कमी होते. बुकिंगची दुसरी फेरी तेव्हा उघडते. जानेवारीतच कितीही पेट्या घ्यायला तयार असलेला माणूस स्वतःच्या बागेतला आंबा विकत नसतो. तो नंतर बाजारातून उचलून पाठवणार असतो, आणि तो आंबा कुठला असेल हे त्यालाही माहीत नसतं.

यापुढचा गैरसमज घरी पेटी पोहोचण्याच्या दिवसाचा. आम्ही सकाळी ऊन चढायच्या आत झेल्याने, देठासकट आंबा उतरवतो. दुपारी वजन आणि भरणी होते, संध्याकाळी टेम्पो निघतो आणि सकाळी पुण्यात असतो. पेटीत येतो तो कच्चा, हिरवा, कडक आंबा. तो पिकायला घरच्या उकाड्यानुसार पाच ते नऊ दिवस लागतात. म्हणजे ज्यांना सणाच्या दिवशी ताटात आमरस हवा आहे, त्यांनी सणाच्या आठ-नऊ दिवस आधीची पेटी मागायला हवी. दरवर्षी कुणीतरी सणाच्या सकाळीच पेटी मागतं आणि हिरवे आंबे बघून चिडतं. पिकलेला आंबा आम्ही मागूनही लांब पाठवत नाही. रात्रभराच्या प्रवासाला तो कसाबसा टिकेल, पण दिल्ली-बंगळुरूच्या कुरिअरमध्ये त्याचा रस खोक्यातच निघेल.

पेटी आली की काय करायचं, तेही छापलेलं असतं. खोकं लगेच उघडावं. पेंढा किंवा वर्तमानपत्र पसरून आंबे एका थरात, देठ वर करून ठेवावेत. कच्चा आंबा फ्रीजमध्ये ठेवू नये. १२-१३ अंशांखाली तो पिकायचाच विसरतो, साल काळी पडते आणि चव जाते. एक दिवसाआड आंबे चाळावेत, पिकलेला वेगळा काढावा, देठाशी काळा पडलेला लगेच बाजूला करावा. आंबा तयार झाल्याची खूण रंगापेक्षा नाकाला आणि अंगठ्याला आधी कळते: देठाजवळ वास सुटतो आणि तिथे हलकं दाबलं की साल लवते. पिकायच्या आधीच साल सुरकुतली आणि आत गर पांढुरका, आंबट निघाला, तर तो आंबा कोवळा उतरवलेला आहे. तो सुकतो, पिकत नाही. ही चूक हवामानाची नसते, विकणाऱ्याची असते. मार्चमधल्या चढ्या भावाच्या मोहापायी ती होते. त्याचे पैसे भांडून परत घ्यावेत, आमच्याकडूनसुद्धा.

झटपट पिकवण्याबद्दल बरेचजण विचारतात. कॅल्शियम कार्बाइड वापरून फळ पिकवायला कायद्याने बंदी आहे. इथिलीन वायूचा वापर ठरलेल्या मर्यादेत चालतो आणि मोठ्या रायपनिंग चेंबरमध्ये तोच वापरतात. आमचा गट कच्चाच आंबा देतो, त्यामुळे तो तुमच्या डोळ्यांसमोरच पिकतो.

तिसरा भाग पैशांचा. आगाऊ रक्कम का लागते, हे समजायला बाजाराची जुनी रीत माहीत हवी. बागायतदाराला पावसाळा संपल्यापासून फवारण्या, राखण, पेट्या यांवर खर्च करावा लागतो आणि पैसे दिसतात ते एप्रिलमध्ये. मधली गरज वाशीचा व्यापारी उचल देऊन भागवत आला. उचल घेतली की आंबा त्याच्याकडेच पाठवायचा. मग तिथे जो भाव निघेल त्यातून भाडं, हमाली वगैरे वजा होऊन पट्टी येते. पट्टी हातात पडेपर्यंत आपला आंबा कितीला गेला, हे बागायतदाराला ठाऊक नसतं. व्यापारी वाईटच असतो असं मी म्हणत नाही. पडत्या काळात त्यानेच हात दिल्याची उदाहरणं घरोघरी आहेत. पण गिऱ्हाइकाने जानेवारीत दिलेले पैसे ही आमच्या दृष्टीने उचलच आहे, फक्त देणारा बदलला. २०१६ मध्ये राज्यात फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मोकळा झाला आणि २०२० च्या टाळेबंदीत शहरांतल्या सोसायट्या थेट बागायतदारांकडून पेट्या मागवू लागल्या. थेट विक्रीची ही घडी तेव्हापासून जास्त बसली.

आमच्या अटी अशा: जानेवारीत एकूण रकमेच्या पाव हिस्सा, बाकी आंबा उतरवून वजन झाल्याचा निरोप आल्यावर. पूर्ण पैसे आगाऊ घेत नाही. रक्कम गटाच्या खात्यात जाते, कुणा एकाच्या नावावर नाही. दर बुकिंगच्या दिवशी ठरतो आणि नंतर बाजार चढला तरी वाढत नाही. बाजार उतरला तर कमीही होत नाही, आणि हेही आधीच सांगतो, कारण मेमध्ये भाव पडल्यावर "बाहेर तर स्वस्त मिळतोय" हा फोन ठरलेला असतो. भाडं वेगळं, ते जागेनुसार. गिऱ्हाइकाने स्वतःहून रद्द केलं तर मार्चअखेरपर्यंत आगाऊ रक्कम पूर्ण परत मिळते. त्यानंतर रद्द केलं तर निम्मी मिळते, कारण तोवर पेट्या आणि गाडी ठरलेली असते. आंबाच आला नाही तर सगळी रक्कम परत.

हे कसं चालतं ते पुण्याच्या एका काकूंच्या बुकिंगवरून सांगतो. दर समजायला सोपे जावेत म्हणून गोल धरले आहेत. काकूंनी जानेवारीत २२५ ते २५० ग्रॅमचे पाच डझन सांगितले, दर ९०० रुपये डझन, पंधरवडा एप्रिलचा दुसरा. एकूण ४५०० रुपये, त्यातले ११२५ आगाऊ. फेब्रुवारीत थंडी परतली, पुनर्मोहोर आला आणि पहिल्या टप्प्याची बरीच कैरी गळाली. मार्चच्या सुरुवातीला आम्ही सगळ्यांना निरोप दिला: एप्रिलमध्ये ठरल्या वजनाचा आंबा पुरणार नाही, तीन वाटा आहेत. मे महिन्यापर्यंत थांबा, एप्रिलमध्ये लहान वजनाचा कमी दराने घ्या, किंवा पैसे परत घ्या.

काकू म्हणाल्या, "माझी नातवंडं एप्रिलअखेर येतायत, मेमध्ये जातायत. मला दोन्हीकडे थोडा थोडा दे बाबा."

मग असं ठरलं: एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात २०० ते २२५ ग्रॅमचे तीन डझन, ७५० रुपये दराने २२५० रुपये. मेच्या पहिल्या पंधरवड्यात ठरल्या वजनाचे दोन डझन, १८०० रुपये. एकूण ४०५०. आगाऊ ११२५ पहिल्या पेटीतून वजा केल्यावर एप्रिलमध्ये त्यांना ११२५ भरायचे राहिले आणि मेमध्ये १८००. मेच्या चोवीस आंब्यांपैकी तीन साक्याचे निघाले. त्या आंब्याचा दर नगाला ७५ रुपये, म्हणून २२५ रुपये त्यांच्या खात्यावर परत गेले. एप्रिलच्या पेटीतला एक आंबा देठाशी कुजला होता. त्याचा फोटो त्यांनी पाठवलाच नाही. म्हणाल्या, "एवढं चालायचंच." चालायचं नाही, फोटो पाठवा, असं आम्ही सांगतो. त्यामुळे आम्हालाही कळतं, कुणाच्या बागेतल्या, कुठल्या दिवशीच्या तोडणीत देठकूज आहे. गटात बरेच बागायतदार असले की हे कळणं फार गरजेचं असतं. प्रत्येक पेटीवर बागेचा क्रमांक आणि तोडणीची तारीख चिकटवलेली असते ती त्यासाठीच.

आंबा आमचाच कशावरून, असं कुणी विचारलं तर राग मानू नये, असं मी गटातल्यांना सांगतो. कर्नाटकातला हापूस कोकणच्या नावाने पेट्यांत भरला जातो, हे कुणापासून लपलेलं नाही. त्या आंब्यातही वाईट काही नाही, पण ज्याचे पैसे दिले तेच मिळायला हवं. २०१८ पासून 'हापूस' या नावाला भौगोलिक मानांकन आहे आणि ते पालघर, ठाणे, रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या पाच जिल्ह्यांपुरतं आहे. त्याखाली नोंदणी केलेल्या बागायतदाराला अधिकृत वापरकर्ता म्हणून प्रमाणपत्र मिळतं. ते मागावं. आंब्याची नोंद असलेला सातबाराही मागावा. दोन्ही दाखवायला टाळाटाळ करणाऱ्याला, तो फोनवर कितीही गोड मालवणी बोलला तरी, पाव हिस्सासुद्धा आगाऊ देऊ नये.

पत्रकातली शेवटची अट मेअखेरची. वळवाचा चांगला पाऊस पडून गेला की त्यानंतर उतरवलेला आंबा आम्ही बुकिंगवर पाठवत नाही. दमट हवेत फळमाशी वाढते. ती सालीला बारीक भोक पाडून आत अंडी घालते आणि वरून फळ ठणठणीत दिसत असताना आत अळी होते. शिवाय करप्याचे काळे ठिपके पिकता पिकता पसरतात. आम्ही सापळे लावतो, पण पावसानंतर शब्द द्यावा इतकी त्यांची खात्री नाही. मे २०२१ च्या मध्यावर तौक्ते वादळ किनाऱ्यालगत गेलं, तेव्हा झाडावरचा अखेरचा आंबा कोकणभर एका रात्रीत जमिनीवर आला होता. अशा वर्षी आंबा कॅनिंगला जातो, किलोवर, मिळेल त्या दराने. ज्यांची पेटी तोवर निघालेली नसते, त्यांना जूनच्या पंधरा तारखेच्या आत पैसे परत जातात आणि पुढच्या जानेवारीत यादीत त्यांची नावं सगळ्यात वर लागतात.